पहिल्या झुरक्याची भोवळ

कॉलेजबाहेरच्या टपरीमागे एखादा मुलगा पहिल्यांदाच सिगारेट ओढतो. चार-पाच झुरक्यांत त्याचा चेहरा पांढराफटक पडतो, कपाळावर गार घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं आणि पोटात ढवळून येतं. मित्र म्हणतात, "सवय नाही ना, होतं असं." खरं तर ही निकोटिनची सौम्य विषबाधाच असते.

फुप्फुसांतून रक्तात उतरलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. मेंदूच्या तळाशी रक्तातलं विष ओळखणारा एक छोटा भाग आहे. निकोटिनने तो चाळवला की उलटीची भावना होते. त्याच वेळी अ‍ॅड्रिनलिन वाढून छाती धडधडते, हात थरथरतात.

हा त्रास बहुधा तासाभरात ओसरतो. पुन्हा पुन्हा ओढल्यावर तो होईनासा होतो, कारण चेतापेशी निकोटिनला सरावतात. इथेच व्यसन मूळ धरतं, याची मला जास्त काळजी वाटते.

व्हेपमध्ये धोका वेगळा. अनेक व्हेपमधलं निकोटिन क्षाराच्या रूपात असल्याने घसा फारसा खवखवत नाही आणि सिगारेटसारखी ती विझतही नाही. त्यामुळे नवखा माणूस नकळत जास्त ओढतो. उलट्या थांबत नसतील, गुंगी आली, श्वास जड झाला किंवा झटके आले, तर लगेच दवाखाना गाठावा.