नवसागर विरघळतो आणि पाणी गार होते

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात चिमूटभर नवसागर टाकतो, तेव्हा पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नाक झणझणते. हाच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, साध्या पाण्यात टाकला तर काय होते हे फार थोड्यांनी पाहिले असेल. मी काचेच्या ग्लासात १०० मिलिलिटर पाणी घेतले. थर्मामीटर २८ अंश दाखवत होता. ३० ग्रॅम नवसागर टाकून चमच्याने ढवळत राहिलो. नवसागर विरघळत गेला तसा पारा उतरत उतरत ११ अंशांच्या आसपास आला. ग्लास बाहेरून धूसर झाला आणि मग त्यावर दवाचे थेंब जमले. फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाताला हा गारवा ओळखीचा असतो. अकबराच्या आबदारखान्यात पिण्याचे पाणी सोऱ्याच्या द्रावणात सुरई फिरवून गार करत, असे अबुल फज़लने ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदवले आहे.

यात चमत्कारिक काय आहे? दगड उतारावरून खाली येतो, गरम चहा निवतो, लाकूड जळताना उष्णता देते. आपोआप घडणाऱ्या गोष्टीत ऊर्जा बाहेर पडते, अशी आपली समजूत असते. इथे मात्र नवसागर पाण्याकडूनच उष्णता ओढून घेतो आणि तरीही, कोणी न सांगता, विरघळतो. अशा क्रियेला उष्माग्राही म्हणतात. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचे युलियुस थॉमसन आणि फ्रान्सचे मार्सेलिन बर्थेलो या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांचीही धारणा होती की, रासायनिक क्रिया उष्णता बाहेर टाकण्याच्या दिशेने जातात. पुष्कळ ठिकाणी ती बरोबर ठरते. ग्लासातला नवसागर तिला खोटे पाडतो.

आधी उष्णता कुठे जाते ते पाहू. नवसागराच्या स्फटिकात अमोनियम आणि क्लोराइड हे विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सुटे करायला एका मोलमागे, म्हणजे साडेत्रेपन्न ग्रॅममागे, सुमारे ७०० किलोज्यूल लागतात. सुटलेल्या आयनांना पाण्याचे रेणू घेरतात, तेव्हा जवळपास तेवढीच ऊर्जा परत मिळते. जवळपास, पण पूर्ण नाही. सुमारे १५ किलोज्यूलची तूट उरते आणि ती पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते. गारवा या तुटीचा आहे.

मग तूट सोसून क्रिया पुढे का जाते? याचे उत्तर एन्ट्रॉपीत आहे. एन्ट्रॉपी म्हणजे कण आणि त्यांची ऊर्जा किती वेगवेगळ्या प्रकारे मांडली जाऊ शकते याचे माप. स्फटिकात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली असते. पाण्यात आल्यावर तोच आयन ग्लासात कुठेही असू शकतो. शक्य मांडण्यांची संख्या प्रचंड वाढते. निसर्गाचा नियम असा की, आपोआप घडणाऱ्या बदलात एकूण एन्ट्रॉपी वाढलीच पाहिजे. यातला ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हिशोबात ग्लास आणि ग्लासाबाहेरची खोली दोन्ही येतात.

हा हिशोब मांडूनच पाहू. तापमान २५ अंश सेल्सिअस, म्हणजे २९८ केल्विन धरू, आणि एक लिटर द्रावणात एक मोल नवसागर अशी प्रमाण स्थिती धरू. विरघळताना नवसागर आणि पाणी यांची मिळून एन्ट्रॉपी मोलमागे सुमारे ७५ एककांनी वाढते (एकक म्हणजे केल्विनमागे एक ज्यूल). दुसरीकडे, द्रावण पुन्हा २५ अंशांवर येईपर्यंत खोलीने १४,८०० ज्यूल उष्णता दिलेली असते. उष्णता गमावली की एन्ट्रॉपी घटते, आणि किती घटते ते उष्णतेला तापमानाने भागून मिळते : १४,८०० भागिले २९८, म्हणजे सुमारे ५० एकके. खोलीचा तोटा ५०, ग्लासाचा लाभ ७५. निव्वळ लाभ २५. म्हणून नवसागर विरघळतो.

तापमानाने भागायचे का? एखाद्याच्या खिशातून शंभर रुपये गेले तर त्याला ते किती जाणवतात हे त्याच्याजवळ मुळात किती आहेत यावर ठरते. तापलेल्या परिसरातून तेवढीच उष्णता गेली तर त्याच्या मांडण्यांमध्ये कमी फरक पडतो, थंड परिसरातून गेली तर जास्त.

प्रत्येक वेळी अख्ख्या खोलीचा हिशोब ठेवणे जिकिरीचे आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात काम करणाऱ्या जे. विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात दाखवले की, फक्त ग्लासातल्या राशी वापरूनही तोच निर्णय देता येतो. निव्वळ लाभाला तापमानाने गुणायचे आणि चिन्ह उलटे करायचे :

ΔG = ΔH − TΔS

ΔH म्हणजे शोषलेली उष्णता, T तापमान, ΔS ग्लासातल्या एन्ट्रॉपीतला बदल आणि ΔG मुक्त ऊर्जेतला बदल. आपले आकडे घातले की १४.८ वजा २२.४, म्हणजे उणे ७.६ किलोज्यूल. मुक्त ऊर्जा घटते आहे, क्रिया आपोआप होईल. हे सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘ऊर्जा’ हा शब्द चकवतो. त्यांना वाटते की स्फटिकात कुठेतरी साठवलेली ऊर्जा बाहेर पडली. या उणे ७.६ चा अर्थ मात्र एवढाच की, ग्लास आणि खोली मिळून एन्ट्रॉपी वाढली.

याची उलट तपासणी संगमरवरावर करता येते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात विरघळला तर मोलमागे सुमारे १३ किलोज्यूल उष्णता बाहेर पडेल. बर्थेलोंच्या नियमाने देवळातली फरशी पहिल्या पावसातच विरघळायला हवी. पण कॅल्शियम आणि कार्बोनेट आयनांवर दुहेरी भार असतो. ते आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंना इतके जखडून ठेवतात की स्फटिक मोडूनही एन्ट्रॉपी २०० एककांनी घटते. तापमानाने गुणल्यावर हा तोटा ६० किलोज्यूलचा होतो आणि १३ किलोज्यूलची मिळकत त्यात बुडून जाते. म्हणून ‘विरघळले की एन्ट्रॉपी वाढणारच’ हेही गृहीत धरू नये. आयन कोणता, त्यावर भार किती, हे पाहावे लागते.

नवसागराचे विरघळणेही कायम चालत नाही. द्रावण जसे दाट होते, तसा नव्या आयनाला पसरण्यातून मिळणारा लाभ कमी होत जातो. एका टप्प्यावर लाभ आणि तोटा सारखे होतात, मुक्त ऊर्जेतला बदल शून्य होतो आणि द्रावण संपृक्त होते. २० अंशांवर ही मर्यादा १०० ग्रॅम पाण्याला सुमारे ३७ ग्रॅम आहे, शून्य अंशाला २९ ते ३०. पाणी गार झाले की विरघळण्याची मर्यादाही खाली येते. म्हणजे नवसागर विरघळता विरघळता स्वतःचीच वाट अडवतो.

हे घरी पाहता येते. २८ अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात ३८ ग्रॅम नवसागर टाका आणि भरपूर ढवळा. (द्रावण चाखू नका, त्यात चुना किंवा सोडा मिसळू नका, नाहीतर अमोनिया वायू सुटतो.) पाणी खूप गार होईल आणि तळाशी काही ग्रॅम नवसागर तसाच राहील, कितीही ढवळला तरी. ग्लासावर झाकण ठेवून तो रात्रभर ओट्यावर राहू द्या. सकाळी पुन्हा एकदा ढवळा. तोवर खोलीने हळूहळू आपली उष्णता दिलेली असेल, पाणी पुन्हा २८ अंशांवर आलेले असेल आणि तळ स्वच्छ दिसेल.