‘Pls discuss’ला काय उत्तर द्यायचं?

“Pls discuss” या मेसेजमध्ये साहेबांनी एकच गोष्ट मागितलेली असते, ती म्हणजे बोलणं. कशाबद्दल, कधी, किती घाईने, हे त्यात नसतं. ही उणीव वाचणारा आपल्या धास्तीने भरून काढतो आणि साधा निरोप रागाचा वाटू लागतो. सरकारी फायलीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. त्याने कोणाची झोप सहसा उडत नाही. तोच शेरा रात्री मोबाइलवर आला की मात्र उडते.

लिखित शब्दांतून सूर ओळखण्याची माणसाची क्षमता मुळात बेताची आहे. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. विधान उपरोधाने केलं आहे की गंभीरपणे, हे समोरचा ७८ टक्के वेळा ओळखेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं, ईमेल वाचणाऱ्यांनी फक्त ५६ टक्के. नुसती नाणेफेक केली तरी पन्नास टक्के बरोबर येतात!

समजा, लेखा विभागातल्या एकीने संध्याकाळी महिन्याच्या खर्चाचा तक्ता पाठवला आणि पावणेनऊला “Pls discuss” आलं. आधी साहेबांचे जुने मेसेज उघडून पाहावेत. ‘Ok’, ‘Noted’, ‘Call me’ अशीच त्यांची तऱ्हा असेल, तर या दोन शब्दांत वेगळं काही नाही. मग मेसेज कशाच्या उत्तरादाखल आला, ते पाहावं. तक्त्यात प्रवासखर्च गेल्या महिन्याच्या दुप्पट दिसत असेल, तर विषय बहुधा तोच.

“सर, काही चुकलं का?” असं विचारलं की चूक आधीच कबूल केल्यासारखं होतं. न विचारलेल्या गोष्टींचा पानभर खुलासा तर त्याहून वाईट; साहेबांच्या ध्यानीमनी नसलेले मुद्देही त्यातून पुढे येतात. पुरेसं उत्तर असं:

“हो सर. प्रवासखर्चाच्या आकड्याबद्दल का? बिलं तयार ठेवते. उद्या अकराला येऊ का? घाईचं असेल तर आत्ता फोन करते.”

यात होकार आहे, विषयाचा अंदाज आहे, वेळ आहे आणि निकड ठरवण्याचं काम साहेबांवरच सोपवलं आहे. लिहिल्यावर पाच मिनिटं थांबून ‘सॉरी’ आणि जादा उद्गारचिन्हं काढून टाकावीत.

“Pls explain” आलं, किंवा एरवी ऐसपैस लिहिणाऱ्या साहेबांनी एचआरला सीसीत घेऊन दोनच शब्द धाडले, तर प्रकरण वेगळं. तिथे तोंडी बोलून भागत नाही. “मेल मिळाला. कागद तपासून उद्या दुपारी तीनपर्यंत लेखी कळवते,” एवढी पोच लगेच द्यावी आणि खुलाशात तारखा, रकमा व बिलांचे क्रमांक तेवढे लिहावेत.