पांढरी साय आणि करपलेले टोक

खारवट जमिनींविषयीच्या पुस्तकांतून दोन प्रकारची छायाचित्रे वारंवार पाहावयास मिळतात. एकात काळसर शेत असते आणि त्यावर कोणी पीठ भुरभुरावे तसा पांढरा थर पसरलेला दिसतो. दुसऱ्यात एखाद्या पिकाचे पान जवळून टिपलेले असते. त्याचा देठाकडील भाग हिरवा असतो, पण टोक मात्र विस्तवाची धग लागावी तसे तपकिरी होऊन वाळलेले असते. ही दोन वेगळ्या रोगांची चित्रे आहेत असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. वस्तुतः ती एकाच क्रियेची दोन चित्रे होत. विरघळलेले क्षार पाण्याबरोबर प्रवास करतात. पाण्याची वाफ होते, परंतु क्षारांची होत नाही. म्हणून पाण्याचा प्रवास जेथे संपतो तेथे क्षार साचतात. एका चित्रात ते स्थान जमिनीचा पृष्ठभाग आहे, दुसऱ्यात पानाचे टोक.

हे क्षार येतात कोठून, हे पाहण्यासाठी नीरा नदीच्या खोऱ्याचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खोऱ्यात कालव्याचे पाणी खेळू लागले आणि बारामतीच्या बाजूस उसाचे मळे उभे राहिले. तेथील जमीन काळी व भारी, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कालव्यातून व पाटांतून पाझरलेले आणि उसाला गरजेपेक्षा अधिक दिलेले पाणी खाली मुरत गेले. उताराच्या व सखल भागात त्याला पुढे वाट मिळेना, तेव्हा भूजलाची पातळी वर चढू लागली. काही वर्षांतच चांगल्या जमिनींवर मीठ फुटले. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी या खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून त्यावर १९१० मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. हा अनुभव दक्षिणेपुरताच नव्हता. उत्तर हिंदुस्थानात अशा पांढऱ्या क्षारांना ‘रेह’ म्हणतात, पंजाबात अशा जमिनीला ‘कल्लर’ म्हणतात. आणि कालव्यांच्या प्रदेशांत ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी फार पूर्वीपासून आहेत.

कालव्याचे पाणी गोड असते, मग त्यातून मीठ कसे येईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर थोड्याशा गणिताने मिळते. समजा, पाण्याच्या एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. असे पाणी जिभेला गोडच लागते. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर उंचीचे पाणी उभे केले तर ते एक लाख लिटर भरते, आणि त्याबरोबर ३० किलो क्षार शेतात येतात. उसासारख्या पिकाला वर्षभरात १५० सेंटिमीटर पाणी दिले, तर दर हेक्टरी साडेचार हजार किलो क्षार आले. पीक त्यांतील अगदी थोडा अंश घेते. निचरा चांगला असेल तर पावसाचे पाणी उरलेले क्षार धुऊन खाली नेते. निचरा नसेल तर ते तेथेच राहतात. याखेरीज खडकांची झीज होऊन निर्माण झालेले क्षार खालच्या थरांत आधीपासून साठलेले असतात, आणि वर चढणारे भूजल तेही आपल्याबरोबर आणते.

भूजल पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरांच्या आत आले म्हणजे खरा धोका सुरू होतो. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर चढू लागते. यालाच केशाकर्षण म्हणतात. पृष्ठभागी ऊन-वाऱ्याने त्याची वाफ होते व त्याच्या जागी खालून नवे पाणी येते. समजा, उन्हाळ्यात अशा रीतीने दररोज दोन मिलिमीटर पाणी उडून जाते आणि त्या भूजलाच्या लिटरात ३ ग्रॅम क्षार आहेत. तर दर हेक्टरी रोज ६० किलो क्षार वर येतील आणि नव्वद दिवसांत प्रत्येक चौरस मीटरवर अर्ध्या किलोहून अधिक साचतील. छायाचित्रातील पांढरी साय ती हीच.

हे ध्यानात घेऊन पहिले छायाचित्र पुन्हा पाहिले म्हणजे त्यात अधिक दिसू लागते. शेत सरी-वरंब्याचे असेल तर पांढरा रंग सरीच्या तळाशी नसून वरंब्याच्या माथ्यावर आणि ढेकळांच्या टोकांवर आढळतो. सरीतील पाणी दोन्ही बाजूंनी वरंब्यात शिरते, माथ्याकडे चढते व तेथे वाफ होऊन जाते. म्हणूनच अशा जमिनीत बी माथ्यावर न टोकता वरंब्याच्या बगलेवर टोकतात. माथ्यावरच्या रोपाला सर्वांत खारट माती मिळते. थर मऊ, फुगलेला आणि पायाखाली दबणारा असेल तर त्यात सोडियम सल्फेट बरेच असण्याचा संभव असतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची क्लोराइडे हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे ती जेथे अधिक तेथे जमीन पांढरी न दिसता तेलकट व ओलसर दिसते, आणि सकाळी अधिकच.

मात्र छायाचित्र फसवतेही. चुनखडीची माती, सुकलेली फिकट गाळवट, कुंडीतील बुरशी, फार काय, भर दुपारच्या उन्हाची चकाकीसुद्धा चित्रात क्षारासारखी पांढरी उमटते. उलटपक्षी, पाऊस पडून गेल्यावर काढलेल्या चित्रात अत्यंत खारवट जमीनही निर्दोष दिसेल, कारण क्षार विरघळून चार बोटे खाली गेलेले असतात. सर्वांत मोठी फसगत चोपण जमिनीची. तिच्या मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो आणि अशा जमिनीवर पुष्कळदा पांढरा थर नसतोच. सोडियम कार्बोनेटाच्या योगाने मातीतील कुजलेले सेंद्रिय द्रव्य विरघळून वर येते व पृष्ठभाग काळा पडतो. पांढरे नाही म्हणून जमीन बरी, असा निष्कर्ष तेथे काढला तर तो नेमका उलटा ठरेल.

आता पानाकडे वळू. मुळे बहुतेक सर्व क्षार बाहेर अडवून ठेवतात; पण थोडे क्षार पाण्याच्या प्रवाहाबरोबर आत शिरतातच. पानांतून पाणी वाफेच्या रूपाने सतत बाहेर पडते आणि क्षार मागे राहतात. ऊस, गहू, भात यांच्या पानांतील शिरा टोकापर्यंत सरळ जातात, म्हणून तेथे आधी टोक करपते. आंब्यासारख्या रुंद पानांत टोकाबरोबर कडाही करपतात. काही काळ पेशी हे क्षार आपल्या पोकळीत साठवून ठेवतात. ती जागा भरली म्हणजे पेशी सुकून मरते. जे पान जुने त्यातून अधिक दिवस पाणी वाहिलेले असते, म्हणून करपण्याचा आरंभ खालच्या, जुन्या पानांपासून होतो. शेंड्याची कोवळी पाने त्या वेळी हिरवीच असतात.

चित्रात पान एकटेच असेल तर मात्र निदान अवघड होते. पालाशाच्या उणिवेतही जुन्या पानांच्या कडा व टोके करपतात. बोरॉन अधिक झाला तरी तसेच घडते, आणि उन्हाळ्यातील कोरडा वारा हेच चिन्ह उमटवतो. पान कोणत्या उंचीवरचे आहे, शेजारची झाडे कशी आहेत, खालची जमीन कशी दिसते, हे ज्या चित्रात येत नाही ते शिकवण्यास उपयोगी पडले तरी निर्णय देण्यास पुरेसे नाही. संपूर्ण शेताच्या चित्रात सहसा एक खूण सापडते: क्षाराचे नुकसान सर्वत्र सारखे नसते. मध्ये उघडे पांढरे ठिगळ, त्याभोवती खुजी झाडे आणि त्यापलीकडे बरे पीक, अशी वलये दिसतात.

शिवाय करपलेले टोक हे पहिले लक्षण नव्हे. माती खारट झाली की पाणी समोर असूनही मुळांना ते ओढून घेणे जड जाते. त्यामुळे झाड आधी खुजे राहते, पाने लहान व गडद हिरवी होतात, उत्पन्न घटते. टोके करपतात ती पुष्कळ उशिरा. येथेच नेहमीची चूक घडते. ओल्या जमिनीत झाडे दुपारी मान टाकतात, टोके वाळतात, आणि शेतकरी पाणी कमी पडले असे समजून आणखी एक पाळी देतो. निचरा नसलेल्या शेतात त्या पाण्याने भूजल आणखी वर येते. पुढील उन्हाळ्यात ठिगळ वाढलेले दिसते, व उपाय अपुरा पडला असे समजून पाणी पुन्हा वाढवले जाते.

या चुकीतून सुटण्यास मातीची परीक्षा हवी. मुळांच्या खोलीपर्यंतची माती घेऊन तिच्यात पाणी मिसळून लगदा करतात, त्यातून द्रव काढून घेतात आणि त्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतात. क्षार अधिक असतील तर वीज अधिक वाहते. हे माप दर मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेले की जमीन खारवट मानण्याची रूढी आहे. पण पीक रूढी पाहत नाही. घेवड्याचे उत्पन्न १ च्या पुढे आणि उसाचे १.७ च्या पुढे घटू लागते; कापूस मात्र ७.७ पर्यंत तग धरून असतो. त्याच मातीची अल्कता ८.५ च्या वर असेल आणि सोडियमचे प्रमाण मोठे असेल तर जमीन चोपण होय.

हा भेद उपायासाठी आवश्यक आहे. खारवट जमिनीत आधी चर किंवा जमिनीखाली नळ घालून पाण्याला वाट करून द्यावयाची, मग गोड्या पाण्याने क्षार धुवावयाचे. ढोबळ हिशोब असा की जितक्या खोलीची माती धुवावयाची तितक्याच उंचीचे पाणी तिच्यातून खाली गेले तर सुमारे ऐंशी टक्के क्षार निघून जातात. भारी काळ्या मातीत याला फार वेळ लागतो. चोपण जमिनीत असे नुसते पाणी सोडले तर क्षार धुतले जातात, पण सोडियम मागे राहतो. माती फुगते, तिच्या पोकळ्या बंद होतात आणि नंतरचे पाणी खाली जातच नाही. तेथे आधी जिप्सम मिसळावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर चरात जातो. चराच्या तोंडाशी पाणी बाटलीत धरून वेळोवेळी तपासले म्हणजे काम कितपत पुढे गेले ते कळते. पहिल्या पाळ्यांचे पाणी अतिशय खारट येते, मग त्याचा खारटपणा उतरत जातो. हे पाणी कोठे सोडावे, हा मात्र खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचाही प्रश्न असतो, आणि तो एका बांधावर बसून सुटत नाही.