करंगळीनं काय सांगितलं?

आज मला हातांबद्दल बोलायचंय, आणि रेडिओवर हात दिसत नाहीत. म्हणून हातातलं निवडण-टिपण घडीभर बाजूला ठेवा. मी सांगेन तसं तुम्हीच करून बघा.

आधी घरची गोष्ट सांगते. माझी भाची कर्णबधिर आहे, निवासी शाळेत शिकते. मे महिन्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली होती. बीडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. टँकरचं पाणी रांजणात भरून ठेवलेलं. पोरगी रांजणापाशी गेली, पाण्याकडे बोट केलं आणि मूठ वळून करंगळी उभी केली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला लघवीला लागलीय, घेऊन जा." मी तिला मोरीकडे नेलं. ती हात सोडवून परत रांजणाकडे. पुन्हा करंगळी. मी पुन्हा मोरीकडे. शेवटी ती रडायला लागली आणि आम्ही म्हणालो, पोर हट्टी आहे.

संध्याकाळी रांजणाच्या तळाशी कुजलेला पाला निघाला, पाण्याला वास येत होता. भारतीय सांकेतिक भाषेत, म्हणजे आपल्या देशातले कर्णबधिर लोक वापरतात त्या खुणांच्या भाषेत, उभी करंगळी म्हणजे 'वाईट, खराब'. पोरगी सकाळपासून सांगत होती की पाणी खराब आहे. आम्ही शाळेतल्या पोरांची करंगळी वाचली. तिची भाषा वाचलीच नाही.

आता तुम्ही करा. उजव्या हाताची मूठ वळा, छातीसमोर धरा आणि अंगठा वर करा. ही झाली 'चांगलं'ची खूण. हात आहे तिथंच ठेवा. अंगठा मिटा, करंगळी उघडा. झालं 'वाईट'. मूठ तीच, जागा तीच. बदललं एक बोट आणि अर्थ पार उलटा झाला.

हे आपल्या बोलण्यातही होतं. 'पान' म्हणा, मग 'कान' म्हणा. मागचं सगळं सारखं, फक्त पहिला आवाज बदलला. 'प'ला एकट्याला काही अर्थ नाही, 'क'लाही नाही. पण ते अदलाबदल केले की झाडाचं पान जाऊन माणसाचा कान येतो. एकाच बाबतीत वेगळ्या असलेल्या अशा दोन शब्दांना भाषेचे अभ्यासक 'लघुतम युग्म' म्हणतात. आपण 'एका फरकाची जोडी' म्हणू. 'चांगलं' आणि 'वाईट' ही खुणांमधली तशीच जोडी.

बराच काळ शिकलेले लोकही समजत होते की खुणा म्हणजे हवेत काढलेली चित्रं, त्यांना भाषेसारखी बांधणी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनला कर्णबधिरांचं गॅलॉडेट नावाचं कॉलेज होतं. तिथं इंग्रजी शिकवणारे विल्यम स्टोकी यांनी विद्यार्थ्यांचे हात नीट पाहिले आणि १९६० साली लिहून दाखवलं की प्रत्येक खूण तीन गोष्टींची बनते. हाताचा आकार, हाताची जागा आणि हाताची हालचाल. जसे आपल्या शब्दात आवाज, तसे खुणेत हे तीन. तळहात कुठल्या बाजूला आहे, हेही नंतरच्या अभ्यासकांनी त्यात जोडलं.

आकार आपण पाहिला. आता जागा. ही जोडी अमेरिकन सांकेतिक भाषेतली आहे, आपल्याकडची नाही, पण फरक फार स्वच्छ दिसतो. पंजा उघडा, पाचही बोटं फाकवा, अंगठ्याचं टोक हनुवटीला टेकवा. तिकडे ही 'आई'. तोच पंजा तसाच कपाळाला टेकवा. हे 'वडील'. हाताचा आकार बदलला नाही, टेकवायची पद्धत बदलली नाही. हात वीतभर वर गेला आणि आईचे वडील झाले.

आता हालचाल, हीही तिकडचीच. दोन्ही हातांची पहिली दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, जोडून सरळ करा. तळवे जमिनीकडे. उजवी दोन बोटं डाव्या दोन बोटांवर आडवी, एकदाच ठेवा, जसं कुणी बाकावर बसावं. ही 'बसणं'. आता तीच बोटं तिथंच दोनदा हलकेच टेकवा. ही 'खुर्ची'. आकार तोच, जागा तीच. एकदा की दोनदा, एवढ्यावर काम आणि वस्तू वेगळी झाली.

कुणी विचारेल, मग हात जरा इकडेतिकडे झाला की प्रत्येक वेळी अर्थ बदलतो का? नाही. अंगठा छातीसमोर धरला काय किंवा चार बोटं खाली धरला काय, 'चांगलं' ते चांगलंच. पाटोद्याची बाई आणि परळीची बाई 'पाणी' जरा वेगळ्या सुरात म्हणतील, पण शब्द बदलत नाही, तसंच ते. कुठला फरक अर्थ बदलतो आणि कुठला नुसता ढंग आहे, हे ओळखायची एक रीत आहे. खुणेतली एकच गोष्ट बदलायची, बाकी दोन जशाच्या तशा ठेवायच्या आणि ती भाषा रोज वापरणाऱ्या माणसाला दाखवायची. त्याने दुसरा अर्थ सांगितला, किंवा 'ही खूणच नाही' असं म्हटलं, तर तो फरक भाषेत मोजला जातो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे अर्थ फिरला ते कळत नाही.

आणि एका भाषेचा अर्थ दुसरीला लावायचा नाही. जपानी सांकेतिक भाषेत अंगठा म्हणजे पुरुष आणि करंगळी म्हणजे बाई. हात तोच, पण भाषा वेगळी. आमची चूक हीच होती. आपल्या शाळेतल्या करंगळीचा अर्थ आम्ही पोरीच्या करंगळीवर लादला.

दुसरी चूक मला नंतर कळली. मी तिच्याशी बोलायचे तेव्हा एका हातात तवा नाहीतर घागर असायची. दुसरा हात कमरेशी अर्धवट हलायचा. बोटं अर्धी मिटलेली, त्यामुळे अंगठा की करंगळी तेच दिसत नसे. आपण तोंडात घास धरून 'पान' म्हटलं तर ऐकणाऱ्याला 'कान'ही वाटेल. म्हणून आता मी हातातलं खाली ठेवते, तिच्यासमोर उजेडात उभी राहते आणि बोट पूर्ण उघडते.

दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांच्या खुणा झाल्या, आणि त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर बघता येतात. बघताना नुसता हात बघू नका. तीन प्रश्न विचारा. आकार कोणता? कुठं धरलाय? कसा हलतोय? गावात एखादी खूण थोडी वेगळी असेल, तर जी व्यक्ती ती वापरते तिची खूण खरी धरा.

या दिवाळीत भाची आली, तेव्हा रांजण घासून भरला होता. तिनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं, सासूबाईंकडे वळली आणि अंगठा वर केला. सासूबाईंनी कुणाला विचारलं नाही. त्यांनीही मूठ वळली आणि अंगठा वर केला.