कोपर किती वाकलं नव्हे, किती सरळ झालं

नोव्हेंबर 2013 मधला वानखेडेवरचा वेस्ट इंडिजविरुद्धचा कसोटी सामना सगळ्यांच्या लक्षात आहे तो सचिन तेंडुलकरच्या निरोपासाठी. त्याच सामन्यानंतर अधिकाऱ्यांनी एक अहवाल दिला होता, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. वेस्ट इंडिजचे दोन ऑफस्पिनर, शेन शिलिंगफर्ड आणि मार्लन सॅम्युएल्स, यांची शैली संशयास्पद वाटते, असं त्यात म्हटलं होतं. शिलिंगफर्डचा ऑफब्रेक आणि दूसरा, दोन्ही चेंडूंबद्दल शंका होती. सॅम्युएल्सच्या बाबतीत प्रश्न होता तो मुख्यतः त्याच्या वेगात सोडलेल्या चेंडूचा. दोघांची चाचणी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या विद्यापीठात झाली आणि निकाल वेगवेगळे लागले. फेकी गोलंदाजी ठरते कशी, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगी आहे.

नियम हात वाकडा ठेवायला बंदी करत नाही, आणि प्रेक्षकांची सर्वात मोठी गफलत इथेच होते. गोलंदाज कोपरात तीस अंश वाकवलेला हात तसाच ठेवून चेंडू सोडत असेल, तर ती शैली वैध आहे. हरकत आहे ती हात सरळ होण्याला. मोजणी सुरू होते हात खांद्याच्या उंचीला येतो तेव्हा आणि संपते चेंडू हातातून सुटतो तेव्हा. या अगदी छोट्या अवधीत कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. समजा, हात आडवा असताना कोपरात 35 अंशांचा बाक होता आणि चेंडू सुटताना 25 अंशांचा राहिला. फरक दहाचा, म्हणजे चेंडू वैध. दुसऱ्या गोलंदाजाचा बाक सुरुवातीला 22 अंश होता आणि शेवटी दोन अंश उरला. फरक वीसचा, म्हणजे अवैध. बघणाऱ्याला मात्र पहिलाच गोलंदाज फेकी वाटण्याची शक्यता जास्त. मनगटाची हालचाल यात धरली जात नाही. काहींचं कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे मागे वाकतं. तो भागही मोजणीतून वगळला जातो.

डोळा फसतो तो हाताच्या फिरण्यामुळे. मुथय्या मुरलीधरनचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. 1995 साली मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी त्याला फेकीबद्दल सात वेळा नोबॉल दिला. कंदिलासमोर विळा फिरवला, तर भिंतीवरची सावली कधी वाकडी तर कधी सरळ दिसते, विळा मात्र तोच असतो. वाकलेला हात खांद्यातून फिरतो तेव्हाही तेच होतं. एका बाजूने बघणाऱ्या पंचाला किंवा कॅमेऱ्याला कोपर झटकन सरळ झाल्याचा भास होतो. म्हणून टीव्हीवरचं चित्र थांबवून, त्यावर रेघा ओढून निवाडा करता येत नाही.

15 हा आकडा आला तोही मोजणीतूनच. आधी आयसीसीने फिरकी गोलंदाजांना पाच अंश, मध्यमगतीला साडेसात आणि वेगवान गोलंदाजांना दहा अंशांची सूट ठेवली होती. मग वेगाने चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांनी आंतरराष्ट्रीय गोलंदाजांची शैली तपासली, तेव्हा दिसलं की जवळपास सगळ्यांचंच कोपर थोडंफार सरळ होतं. ज्यांची शैली आदर्श मानली जायची, तेही याला अपवाद नव्हते. जुने आकडे कडकपणे लावले असते, तर अनेक नामांकित गोलंदाज अडकले असते. साधारण 15 अंशांच्या पुढे गेल्यावर हात सरळ होतोय हे उघड्या डोळ्यांना जाणवू लागतं, असं तज्ज्ञांचं मत पडलं. 2005 पासून सगळ्यांना हीच एक मर्यादा लागू झाली.

पर्थसारख्या प्रयोगशाळेत ही मोजणी कशी होते? गोलंदाज कमरेवर उघडा असतो. त्याच्या खांद्यावर, दंडावर, कोपराच्या दोन्ही बाजूंना, मनगटावर प्रकाश परतवणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवतात. पूर्ण रनअप मावेल अशा बंदिस्त जागेत तो गोलंदाजी करतो. भोवतालचे इन्फ्रारेड कॅमेरे त्या गोळ्यांची जागा क्षणाक्षणाला टिपतात. एकच गोळी अनेक कोनांतून दिसत असल्यामुळे संगणकाला तिची त्रिमिती जागा कळते, आणि त्यावरून दंड व पुढचा हात यांच्यातला खरा कोन काढता येतो. सावलीचा घोळ इथे संपतो. सामन्यात टाकतो त्या प्रत्येक प्रकारचे चेंडू गोलंदाजाला अनेकदा टाकावे लागतात आणि प्रत्येक प्रकाराचा हिशेब स्वतंत्र केला जातो.

प्रयोगशाळेत जपून, हात राखून गोलंदाजी केली तर? ही पळवाट बुजवण्यासाठी सामन्याचं चित्रण शेजारी ठेवलं जातं. रनअप, हाताचा मार्ग, चेंडूचा वेग आणि फिरकी सामन्यातल्यासारखी आहे का, हे तज्ज्ञ पडताळून बघतात. चाचणीत चेंडू अचानक संथ पडू लागला किंवा कमी वळू लागला, तर त्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

शिलिंगफर्डचे ऑफब्रेक आणि दूसरा, दोन्ही मर्यादेपलीकडे निघाले. नेहमीचा चेंडूच अवैध ठरल्यामुळे त्याच्या गोलंदाजीवर पूर्ण बंदी आली. सॅम्युएल्सचा ऑफब्रेक मर्यादेत बसला, वेगाचा चेंडू बसला नाही. म्हणून त्याला गोलंदाजी चालू ठेवता आली, फक्त तो एक चेंडू टाकायचा नाही, या अटीवर. यामागे शरीराचं साधं कारण आहे. जास्त वेग हवा असला की कोपराचा झटका मदतीला येतो. दूसरा टाकताना हाताचा मागचा भाग फलंदाजाकडे वळवून चेंडू उलटा फिरवायचा असतो, आणि कोपर न उघडता ते साधणं फार थोड्यांना जमतं.

बंदी कायमची नसते. शैली सुधारून गोलंदाज पुन्हा चाचणी मागू शकतो. शिलिंगफर्डने 2014 मध्ये तशी चाचणी दिली; ऑफब्रेक मान्य झाला, दूसऱ्याला परवानगी मिळाली नाही. तरी प्रयोगशाळेचा दाखला म्हणजे पुढच्या प्रत्येक चेंडूची हमी नव्हे. थकव्यात किंवा विकेटच्या शोधात जुनी सवय परत येते, म्हणून सामनाधिकारी पुन्हा अहवाल देऊ शकतात. दोन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा निलंबन झालं, तर किमान बारा महिने गोलंदाजी बंद, असा नियम आहे. सॅम्युएल्सवर तीच वेळ आली. ऑक्टोबर 2015 मध्ये गॉलच्या कसोटीनंतर पुन्हा अहवाल गेला, ब्रिस्बेनच्या चाचणीत शैली अवैध ठरली आणि वर्षभराची बंदी लागली.

या व्यवस्थेची खरी मर्यादा हीच आहे. मैदानावरच्या पंचाला शंका येऊ शकते, पण कोन मोजता येत नाही. प्रयोगशाळेला कोन मोजता येतो, पण तो सामन्यातल्या त्या वादग्रस्त चेंडूचा नसतो. म्हणूनच अहवाल गेला की गोलंदाज दोषी ठरत नाही, आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत त्याला आंतरराष्ट्रीय सामन्यांत गोलंदाजी करू देतात. टीव्हीवरच्या एका थांबवलेल्या चित्रावरून एखाद्याला फेकी म्हणण्याआधी आपणही तेवढी सवलत त्याला द्यायला हवी.