लिंक्डइनवर जुन्या सहकाऱ्याची शिफारस कशी लिहावी? पाच वाक्यं पुरतात

नोकरी बदलणारे अनेक जण आपल्या आधीच्या वरिष्ठांना एक विनंती करतात: 'लिंक्डइनवर माझ्यासाठी दोन ओळी लिहाल का?' मग बहुतेक वेळा 'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' असं लिहिलं जातं. वाईट काहीच नाही, पण ही वाक्यं कुणाच्याही नावाखाली चालतात. त्यामुळे नोकरी देणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

काम लहान गावातलं असेल तर अडचण आणखी वाढते. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचंच पाहा. हे तालुक्याचं गाव आहे, पण पुण्या-मुंबईत बसून प्रोफाइल वाचणाऱ्याला 'वाशी' म्हटलं की नवी मुंबई आठवते. मोठ्या कंपनीचं नाव पाहून वाचणारा बऱ्याच गोष्टी गृहीत धरतो. गावातल्या संस्थेचं नाव त्याने ऐकलेलंच नसतं. ती माहिती शिफारशीलाच द्यावी लागते.

एक उदाहरण

समजा, वाशीतल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर एका तरुणीने दोन हंगाम काम केलं आणि आता ती पुण्यात नोकरी शोधते आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनमध्ये साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. काट्यावरचे वाद बहुतेक याच आकड्यावरून होतात. केंद्राच्या व्यवस्थापकाने तिच्यासाठी असं लिहिलं:

> वाशी (जि. धाराशिव) येथील आमच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर यांनी दोन हंगाम माझ्या हाताखाली काम केले. ओलाव्यावरून रोज वाद होत. यांनी प्रत्येक माप शेतकऱ्यासमोर घेऊन आकडा पावतीवर लिहायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हंगामात फेरतपासणीच्या तक्रारी आठवड्याला दहा-बारावरून एक-दोनवर आल्या. ट्रॅक्टरची रांग लागली तरी यांनी ही पद्धत मोडली नाही. खरेदी किंवा गुणवत्ता तपासणीच्या कामासाठी मी यांना पुन्हा नक्की घेईन.

पहिल्या वाक्यात ठिकाण, काम, काळ आणि दोघांचं नातं आलं. मग अडचण, तिने काय केलं आणि त्यातून काय बदललं हे आलं. चौथ्या वाक्यातून स्वभाव दिसतो, 'प्रामाणिक' हा शब्द न वापरता. शेवटचं वाक्य सगळ्यात वजनदार आहे, कारण 'पुन्हा घेईन' असं कुणी उगाच लिहीत नाही. लांब शिफारस आधी अर्धीच दिसते आणि उरलेली वाचायला क्लिक करावं लागतं, म्हणून महत्त्वाचं सुरुवातीलाच हवं.

आकडा नोंदवहीतून काढलेला असेल तरच द्यावा. मुलाखतीत त्यावर प्रश्न आला तर उत्तर त्या मुलीलाच द्यायचं असतं. नोंद नसेल तर 'तक्रारी बऱ्याच कमी झाल्या' एवढं पुरे. व्यापाऱ्यांची नावं, खरेदीचे दर किंवा तिच्या घरची परिस्थिती यातलं काहीही जाहीर लिहू नये.

टाकायची कशी?

दोघं लिंक्डइनवर एकमेकांशी थेट जोडलेले असावे लागतात. तिच्या प्रोफाइलवर More मध्ये Recommend हा पर्याय असतो. तिथे आधी दोघांचं कामातलं नातं आणि त्या वेळचं तिचं पद निवडायचं. तिने ती नोकरी प्रोफाइलवर टाकलीच नसेल तर योग्य पद निवडता येत नाही, म्हणून आधी तिला ते करायला सांगावं. मजकूर ३,००० अक्षरांपर्यंत लिहिता येतो, पण वरची शिफारस त्याच्या पाव भागातही बसते. नोकरी देणारे इंग्रजी वाचणारे असतील तर हाच मजकूर साध्या इंग्रजीत लिहावा.

पाठवल्यावर शिफारस लगेच जाहीर होत नाही. आधी ती तिच्याकडे जाते. ती मंजूर करू शकते, बदल सुचवू शकते किंवा नाकारू शकते, पण मजकुरात स्वतः फेरफार करू शकत नाही. लिहिणाऱ्याला मात्र ती नंतर दुरुस्त करता येते किंवा काढूनही टाकता येते.

शिफारशीसोबत लिहिणाऱ्याचं नाव, पद, नातं आणि तारीख दिसते. म्हणून दोघांनी एकाच दिवशी एकमेकांची शिफारस केली की ती देवाणघेवाण वाटते. लिहिणाऱ्याचं स्वतःचं प्रोफाइल रिकामं असेल तरी शिफारशीचं वजन घटतं, कारण वाचणारा आधी 'हे सांगतंय कोण?' हे पाहतो.

आणि सांगण्यासारखं एकही काम आठवत नसेल तर? मग गुळमुळीत कौतुक लिहिण्यापेक्षा त्या व्यक्तीलाच विचारावं, 'तुझं कोणतं काम लिहू?' तरीही 'पुन्हा घेईन' असं मनापासून लिहिता येत नसेल, तर नम्रपणे नकार देणंच दोघांच्या हिताचं असतं.