पदवीदान लीड्सला, कागद सांगलीचे

ब्रिटनमध्ये एक वर्षाचं एम.एस्सी. करणाऱ्या मुलांचा अभ्यासक्रम बहुधा सप्टेंबरात संपतो आणि पदवीदान समारंभ डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होतो. त्यासाठी आईवडिलांना ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा लागतो. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून ऑनलाइन अर्ज करता येतो. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात.

विद्यापीठाचं पत्र मिळालं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण त्या पत्रात मुलगा तिथला विद्यार्थी आहे आणि समारंभ अमुक तारखेला आहे, एवढंच असतं. पाहुण्यांची हमी विद्यापीठ घेत नाही; कित्येकदा आईवडिलांची नावंही त्यात नसतात. म्हणून मुलाने स्वतःचं वेगळं पत्र द्यावं: आईबाबा कुठे राहतील, किती दिवस, खर्च कोण करणार. सोबत त्याच्या पासपोर्टची प्रत जोडावी.

आता हे आईबाबा त्याचेच, हे दाखवायचं. इथे जन्मदाखला लागतो आणि आपल्याकडची खरी अडचण इथेच येते. समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकरी जोडप्याचा मुलगा लीड्सला शिकतोय. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरीच आहे, कारण नोंद बारशाआधी झाली. आईचं नाव तिथे ‘सुनंदा’, तर पासपोर्टवर सासरचं ‘वैशाली’. कागदांवरून या दोन वेगळ्याच बायका ठरतात! अशा वेळी आधी, शक्य असेल तर, मुलाचं नाव जन्मनोंदीत घालून घ्यावं. आईचं नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. मुलाच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतात, त्याचीही प्रत द्यावी. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर हवंच. त्यावर भाषांतर बिनचूक असल्याचं निवेदन, तारीख आणि भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, संपर्क लागतो.

तरीही अधिकारी सगळ्यात बारकाईने पाहतो ते एकच: ही माणसं परत जातील का? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने विवरणपत्र नसू शकतं. मग सातबारा, कारखान्याची ऊसबिलं आणि ती बिलं जमा झालेल्या खात्याचे सहा महिन्यांचे उतारे द्यावेत. अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकाकडून आणून भरलेले चार लाख खात्याला बळ देत नाहीत, उलट संशय वाढवतात. मुलगा किंवा मामा खर्च करणार असेल तर तसं उघड लिहावं आणि त्यांच्या खात्याचा पुरावा जोडावा. त्याला मनाई नाही.

नकार आला तर या व्हिसाला सहसा अपील नसतं आणि फी परत मिळत नाही. नव्याने अर्ज करता येतो, पण आधीचा नकार त्यात सांगावाच लागतो. तेव्हा समारंभाची तारीख कळायची वाट पाहू नका. जन्मदाखला आणि तिघांचे पासपोर्ट आजच शेजारी ठेवून नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा.